अध्यक्षांचं नाव पहिल्या ओळीत

वर्तमानपत्राच्या डेस्कवर आयुष्य गेलेल्या माणसाने निवृत्तीनंतर सोसायटीत हे कुणाला सांगू नये. आमच्या सेक्रेटरींना ते कळलं आणि त्यांनी फर्मान काढलं, ‘‘आपल्या विसर्जनाची बातमी आली पाहिजे. तुम्ही एक ईमेल टाका. तुमच्या डाव्या हातचा मळ!’’

उपक्रम खरोखर चांगला आहे. पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवण्याची पद्धत काढली. बेकरीवाले बिस्किटं फुलवायला वापरतात तीच ही पांढरी पूड. महापालिका ती क्षेत्रीय कार्यालयांतून वाटतेही. साधारण मूर्तीच्या वजनाइतकी पूड पाण्यात घालायची, निर्माल्य आणि दागिने काढून मूर्ती त्यात बुडवायची आणि अधूनमधून ढवळत राहायचं. दोनेक दिवसांत तळाशी खडूसारखा साका बसतो, वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं. ते खतच. भरपूर पाणी मिसळून झाडांना घालता येतं. आमच्याकडे पार्किंगच्या मागे त्यासाठी मोठे प्लास्टिकचे ड्रम मांडतात.

आता पत्रकाराला पाठवायचा ईमेल म्हणजे नेमकं काय, हे समितीला समजावणं आलं. बातमीदार तो ईमेल मोबाईलवर, बहुधा सिग्नलला थांबल्यावर वाचतो. सकाळच्या मीटिंगमध्ये त्याला संपादकासमोर एका वाक्यात सांगावं लागतं की आज माझ्याकडे काय आहे. ते एक वाक्य आपण त्याला आयतं द्यायचं. त्यापुढे कधी, कुठे, बोलेल कोण आणि फोटो कशाचा मिळेल, एवढंच. सगळं मिळून शंभर-सव्वाशे शब्द.

‘‘शंभर?’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘माझा परिचयच दीडशेचा आहे.’’

बैठक बसली. सेक्रेटरींनी आपला मसुदा वाचून दाखवला. तो ‘भारतीय संस्कृतीत निसर्गाला अनन्यसाधारण महत्त्व आहे’ असा सुरू होऊन टिळकांमार्गे दुसऱ्या पानावर आमच्या गेटपाशी पोहोचत होता. विषयाच्या जागी होतं, ‘प्रसिद्धीसाठी’. सोबत समितीचे ड्रमापुढे रांगेत उभे असलेले फोटो, इतके जड की ईमेलने जायलाच तयार नव्हते. आणि पाठवायचा कुणाला? शहरातल्या सगळ्या वर्तमानपत्रांना एकदम, प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकाला दिसेल असा. म्हणजे प्रत्येक बातमीदाराला लगेच कळावं की ही बातमी आपल्या एकट्याची नाही.

मी म्हटलं, एकाच व्यक्तीला पाठवू. पर्यावरण किंवा महापालिका पाहणारी एक बातमीदार शोधू. तिने काय लिहिलंय ते वाचू, तिचं नाव बिनचूक घालू. दोन दिवस उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करू, मग दुसरीकडे जाऊ. खजिनदारांना हा एकनिष्ठपणा पटला नाही. ‘‘स्थळं बघताना आपण एकाच घरी पत्रिका पाठवतो का?’’ त्यांनी विचारलं. समितीने माना डोलावल्या.

पुढचा खडा ‘शेकडो मूर्ती’ या शब्दांवर लागला. गेल्या वर्षीची वही काढायला लावली. एकसष्ट निघाल्या. ‘‘मग ‘साठहून अधिक’ लिहा, भरदार वाटतं,’’ सेक्रेटरी म्हणाले. मी एकसष्टच लिहिलं. ‘साठहून अधिक’ वाचलं की बातमीदाराला वाटतं की कुणी मोजलेलंच नाही. एकसष्ट म्हटलं की वही आहे हे कळतं, आणि वही असली की तिचाही फोटो निघतो.

‘शंभर टक्के पर्यावरणपूरक’ हेही काढलं, तेव्हा मात्र वातावरण तापलं. पण मूर्तीवरचा रंग कुठे विरघळतो? त्याचे पापुद्रे तरंगत राहतात, ते गाळून वेगळे करावे लागतात. शिवाय ड्रमाला अमोनियाचा असा दर्प येतो की सकाळी फिरणारी मंडळी त्या दिवसांत उलट्या दिशेने प्रदक्षिणा घालतात. हे आपण नाही सांगितलं तर बातमीदाराचं नाक सांगेलच.

मग मी तो प्रश्न विचारला, जो डेस्कवर रोज विचारायचो: यात नवीन काय? पुण्यात ही पद्धत बरीच वर्षं चालू आहे, हौद आहेत, मूर्तिदान आहे. आमचा ड्रम कुणी का छापावा?

बैठकीत शांतता पसरली. चहा आला. चहाबरोबर कुणीतरी सहज बोललं की तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा या सगळ्याला अजून विरोध आहे. ‘‘दीड दिवस पाटावर बसवलेल्या देवाला ड्रमात घालून दांड्याने ढवळता? नदी काय आटली?’’ असं त्या ड्रमासमोर उभं राहून म्हणाल्या होत्या. त्यांच्यामुळेच आता मूर्ती बुडवण्याआधी आरती होते आणि ढवळायला फक्त घरचंच माणूस जातं. ‘‘पण हे काही लिहायला नको,’’ सेक्रेटरींनी घाईने जोडलं.

मी पेन काढलं. गाडी रुळावर आली होती, फक्त समितीला ती घसरल्यासारखी वाटत होती.

शेवटी गेलेला ईमेल असा:

विषय: पीओपी मूर्ती ड्रमात विरघळवण्यावरून सोसायटीत मतभेद, दीड दिवसाच्या विसर्जनाला येता येईल

नमस्कार,
विसर्जनानंतर नदीकाठी उरणाऱ्या मूर्तींवरची तुमची बातमी वाचली. आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी 61 पीओपी मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटमध्ये विरघळवल्या; नोंदवही आहे. काही ज्येष्ठ रहिवाशांना ही पद्धत अजून मान्य नाही. त्यांच्या आक्षेपांमुळे आम्ही रीत बदलली: आधी आरती, मग ज्याच्या त्याच्या घरच्या माणसाच्या हातून विसर्जन.
दीड दिवसाचं विसर्जन संध्याकाळी पाचला सुरू होईल. मूर्ती विरघळताना आणि नंतरचा साका, दोन्हींचे फोटो घेता येतील. रंगाचा आणि वासाचा प्रश्न सुटलेला नाही, त्यावरही बोलू. सेक्रेटरी बोलायला तयार आहेत. विरोध करणाऱ्या रहिवाशांना विचारून सांगतो.
पत्ता आणि माझा मोबाईल नंबर खाली आहे.

ईमेल गणेश चतुर्थीच्या आठवडाभर आधी, सकाळी गेला. संध्याकाळी पानं लागत असताना कुणाला काही पाठवू नये, आणि अनंत चतुर्दशीच्या सुमारास तर मुळीच नाही. तेव्हा शहरातले सगळे बातमीदार मिरवणुकीत असतात आणि आपला ड्रम बघायला कुणी येत नाही. हे समितीला सांगून झाल्यावरही अध्यक्ष रात्री साडेआठला विचारत होते, ‘‘आता फोन करून बघू का, मिळाला का म्हणून?’’ त्यांचा मोबाईल मी चार्जिंगच्या निमित्ताने माझ्याकडे ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. एकच ओळ: ‘विरोध करणाऱ्या आजी बोलतील का?’

सेक्रेटरी खचले. एवढी वर्षं दांडा त्यांनी फिरवला आणि मुलाखत काकूंची! काकूंकडे गेलो तर, ‘‘मला काही बोलायचं नाही,’’ असं म्हणून त्यांनी त्यावर बराच वेळ बोलून दाखवलं.

बातमी आली. आतल्या पानावर, तीन कॉलम, काकूंच्या फोटोसह. अध्यक्षांचं नाव शेवटून दुसऱ्या वाक्यात होतं, आणि त्यांनी तेवढाच भाग कापून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. काकूंनी मात्र मला वर बोलावून घेतलं. त्यांना ड्रमाच्या वासाबद्दल त्याच बातमीदार बाईंना स्वतः लिहायचं होतं. मसुदा तयार होता, चार ओळींचा, विषयासकट.

‘‘बघा बरं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘यातलं काय काढू?’’

काढण्यासारखं काही नव्हतं.