चवथीला एकतीस जीबीचा अपडेट

चवथीच्या आदल्या रात्री भाचा म्हापशाहून आला. माटोळी बांधून झाली, जेवणं उरकली आणि तो माझ्या खोलीत येऊन बसला. वर्षभर आम्ही दोघांनी ठरवून ठेवलं होतं की चवथीला एकत्र गाड्यांच्या शर्यती खेळायच्या. गेम आधीच डिस्कवर होता, 58 जीबीचा. मे महिन्यात रात्री जागून उतरवला होता. मी Steam, म्हणजे गेम विकत घ्यायचा आणि चालवायचा लाँचर, उघडला तर खेळायच्या बटणाच्या जागी अपडेटचं बटण. आकडा: 31 जीबी.

खाली बदलांची यादी होती. दोन गाड्यांच्या रंगातली चूक दुरुस्त, एका मेनूतलं स्पेलिंग बदललं, 'इतर किरकोळ सुधारणा'. त्यासाठी 31 जीबी! आमच्या सत्तरीतल्या वाड्यावर अजून फायबर आलेला नाही. माडीवर सिमकार्डाचा राऊटर आहे, महिन्याला 100 जीबी. ते संपले की वेग 64 kbps वर येतो, मग साधा फोटोही उघडत नाही. म्हणजे एका स्पेलिंगसाठी माझ्या महिन्याचा तिसरा हिस्सा.

हे असं का होतं ते मला नीट माहीत आहे, म्हणून तर जास्त चीड येते. Steam फाइलचे साधारण एकेक एमबीचे तुकडे करतं आणि जो तुकडा बदललाय तेवढाच पाठवतं. व्यवस्था उत्तम आहे. पण गेम बनवणारे हजारो चित्रं, आवाज, गाड्या एकाच अवाढव्य पॅक फाइलमध्ये कोंबतात, वरून ती दाबून लहान करतात. मध्ये एक गोष्ट बदलली आणि पॅक पुन्हा बांधताना क्रम हलला, की पुढचे सगळे तुकडे नवे दिसतात. आतला मजकूर तोच, पण तुकड्याची ओळख बदललेली. मग सगळंच पुन्हा उतरवावं लागतं. पॅक फाइलमधला क्रम हलवू नका, बदल एका जागी ठेवा, हे Steam चालवणाऱ्या Valve कंपनीने डेव्हलपरांसाठीच्या कागदपत्रांत लिहून ठेवलंय. वाचायला काय जातं? त्यांच्या ऑफिसात 31 जीबी चहा होईपर्यंत उतरत असतील. आमच्याकडे त्याची किंमत दिवसांत मोजावी लागते.

अपडेटची वेळ मी रात्री 1 ते 6 लावलेली असते. दिवसा आमच्या टॉवरवर सगळा वाडा असतो, रात्री कसेबसे 8 Mbps मिळतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला 1 एमबी. पाच तासांत 18 जीबी. दोन रात्रींत 31 सहज बसतात असा हिशोब करून मी झोपलो. पहाटे साडेतीनला जाग आली तर पंखा बंद. बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली. राऊटर 3 वाजून 20 मिनिटांनी बंद पडला होता. उतरले किती? 8.4 जीबी.

सकाळी भाच्याने दारातूनच विचारलं, "मामा, झालं?" त्या पोराला काय सांगू?

दिवसा उतरवायला लावलं तर घरचे ओरडतात, आणि त्यांचं बरोबर आहे. दुपारी बहीण दुबईला नवऱ्याशी व्हिडिओवर बोलत होती, आरती दाखवत होती. मी डाउनलोड सुरू केलं आणि तिचं चित्र गोठलं. डाउनलोड पूर्ण लाइन खातो तेव्हा राऊटरपाशी आणि टॉवरपाशी डेटाच्या पॅकेटांची रांग लागते आणि बोलण्याची पॅकेटं त्या रांगेत मागे उभी राहतात. `ping 8.8.8.8` चालवून बघा, पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते दिसतं. एरवी माझ्याकडे 45 मिलिसेकंद येतात, त्या वेळी 900 येत होते. म्हणून लाँचरमध्ये वेगाला मर्यादा घालावी लागते. तारेच्या लाइनीवर मिळणाऱ्या वेगाच्या सत्तर-ऐंशी टक्के ठेवले तरी चालतं. सिमकार्डाच्या लाइनीचा वेग सारखा खालीवर होतो, तिथे मी निम्म्यावर ठेवतो. दिवसा मला 4 Mbps मिळाले तर मर्यादा 250 KB/s. आकडा टाकताना बिट की बाइट ते बघा, कारण कंपनी वेग Mbps मध्ये सांगते आणि मर्यादा बहुतेक KB/s मध्ये मागतात. इतक्या वर्षांत या लोकांना एक माप ठरवता आलेलं नाही! आणि विंडोजमध्ये कनेक्शनवर 'मीटर्ड', म्हणजे इथे डेटा मोजून मिळतो, अशी खूण केली म्हणून निर्धास्त राहू नका. विंडोजचे स्वतःचे अपडेट बहुतांशी थांबतात, पण बाकी प्रोग्रामांनी ती खूण मानायची की नाही हे ज्याच्या त्याच्यावर.

दुसऱ्या रात्री वीज टिकली. 18 जीबी आले. राहिले 4.6. सकाळी 250 KB/s वर लावले, म्हणजे पाच तासांचं काम. ते उतरलं तेव्हा पुढचं सुरू झालं: जुना पॅक वाचून नवा लिहायचा, आणि माझी डिस्क जुनी, फिरणारी. नेटचा आकडा शून्यावर, डिस्कचा दिवा अखंड पेटलेला. आमचा गणपती दीड दिवसाचा. उत्तरपूजा झाली, विसर्जनाला ओढ्यावर गेलो, परत आलो तर भाच्याची बॅग दारात. बारा वर्षांचं पोर, "पुढच्या वर्षी खेळू, मामा" म्हणाला. अजून माझ्या डोळ्यांसमोरून ते जात नाही.

म्हणून मी मिळेल तो गेम GOG या गेम विकणाऱ्या साइटवर घेतो. तिथे ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो: एक setup ची `.exe` आणि सोबत `.bin` फाइली, एकेक साधारण 4 जीबीपर्यंत. एकदा हातात आल्या की त्यांना नेट लागत नाही, अपडेटची जबरदस्ती नाही. पणजीला मित्राकडे फायबर आहे. माझ्या खात्यातून त्याच्याकडे उतरवतो आणि पेनड्राइव्ह कदंबाच्या बसने घरी येतो. मागच्या खेपेला नऊ फाइली आणल्या आणि इन्स्टॉल मध्येच फाइल खराब म्हणून थांबलं. तेव्हापासून मित्र त्याच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, काढून पाठवतो, मी इथे काढतो आणि दोन्ही जुळतात का ते बघतो:

```
certutil -hashfile "setup_game-5.bin" SHA256
```

त्या वेळी पाचव्या फाइलचाच हॅश जुळला नव्हता. पेनड्राइव्ह 'इजेक्ट' न करता उपसला होता. तेवढी एक फाइल पुन्हा आणली आणि काम झालं. 36 जीबी पुन्हा उतरवावे लागले नाहीत. जागा मात्र दुप्पट लागते, इन्स्टॉलर आणि उलगडलेला गेम दोन्ही डिस्कवर मावायला हवेत.

शर्यतीचा गेम तिथे मिळत नाही. म्हणून त्याचा अपडेट आता फक्त गेम सुरू करतानाच व्हावा असं लावलंय, आणि सगळं उतरलेलं असताना लाँचर ऑफलाइन मोडमध्ये टाकलाय. नाताळच्या सुट्टीत भाचा येणार आहे. त्याची गाडी सुरू होईपर्यंत मी तो लाँचर नेटला जोडणार नाही.