दोन मायनर आणि तरी नापास? यूकेच्या ड्रायव्हिंग टेस्टचा हिशेब

"यूकेची ड्रायव्हिंग टेस्ट म्हणजे निव्वळ लॉटरी. पंधरा चुका माफ म्हणतात, पण माझा मित्र दोन मायनर आणि एका सीरियसवर नापास, आणि चौदा मायनरवाला पास! चूक एवढी मोठी होती तर एक्झामिनरने टेस्ट तिथेच का नाही थांबवली? नापास करायचा कोटा असतो, बाकी काही नाही."

पंधराचा आकडा खरा आहे, पण तो फक्त मायनरना लागू आहे. सोळावा मायनर झाला की नापास. सीरियस आणि डेंजरस फॉल्ट त्या बेरजेत धरतच नाहीत. यांपैकी एक जरी झाला तरी निकाल लागला, मग मायनर शून्य का असेनात. मायनरच्या बेरजेतून गाडी किती सफाईने चालवली ते कळतं. सीरियसचा प्रश्न वेगळा आहे: या चुकीतून कुणाला धोका होऊ शकला असता का? चौदा वेळा थोडी कमी सफाई दिसली म्हणून धोका झाला असं होत नाही, आणि बाकी सगळं सफाईने केलं म्हणून झालेला धोका पुसला जात नाही.

आता एकच चूक घेऊन पाहा. रस्त्याच्या कडेला थांबलेली गाडी निघताना तुम्ही आरसे पाहिले, पण उजव्या खांद्यावरून मागे नजर टाकली नाही. रस्ता मोकळा असेल तर हा बहुधा मायनर. मागून सायकलवाला येत होता आणि तुम्ही निघालात म्हणून त्याला वेग कमी करावा लागला असता, तर सीरियस. त्याला खरोखरच करकचून ब्रेक मारावा लागला, किंवा एक्झामिनरने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला, तर डेंजरस. मान तिन्ही वेळा वळली नाहीच. फरक पडला तो रस्त्यावर दुसरं कोण होतं याने. म्हणूनच दोघांच्या चुका नुसत्या मोजून तुलना केली की निकाल लॉटरीसारखा वाटतो.

भारतात वर्षानुवर्षं गाडी चालवलेल्यांना हे जास्त लागतं, कारण त्यांचा हात तयार असतो. यूकेत राहायला आल्यावर भारतीय लायसन्सवर बारा महिने गाडी चालवता येते, त्यात जुन्या सवयी पक्क्या होतात. आरशात पाहिलं की झालं, ही त्यातली एक. दुसरी म्हणजे स्टॉपच्या पाटीला वेग अगदी कमी करून, रस्ता मोकळा पाहून, चाकं न थांबवता पुढे जाणं. तिथे पूर्ण थांबावंच लागतं, समोर कुणी नसलं तरी.

मायनर हा कायम मायनरच राहतो, असंही नाही. एकच चूक पुन्हा पुन्हा झाली, उदाहरणार्थ प्रत्येक वळणाआधी आरसा राहून गेला, तर एक्झामिनर ती सीरियस धरू शकतो, कारण ती आता सवय दिसते. पंधरा मायनर वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले असणं आणि त्यातले बरेच एकाच रकान्यात असणं, यांत मोठा फरक आहे.

टेस्ट थांबवली नाही म्हणजे चूक किरकोळ होती, हा तर्कही टिकत नाही. तुमचं चालवणं रस्त्यावरच्या इतरांना धोक्याचं ठरतंय असं वाटलं, तरच एक्झामिनर टेस्ट मध्येच थांबवतो. एरवी सीरियस नोंदवूनही सुमारे चाळीस मिनिटांची टेस्ट पूर्ण होते, आणि उमेदवाराला आपलं बाकीचं चालवणं कसं आहे तेही कळतं. सुरुवातीलाच टेस्ट संपते ती नजरेच्या तपासणीत: नव्या पद्धतीची नंबरप्लेट 20 मीटरवरून वाचता आली नाही, तर गाडी हलतच नाही. उलट, सांगितलेला रस्ता चुकला आणि चुकीच्या रस्त्यावर तुम्ही नीट चालवत राहिलात, तर तो दोषच धरत नाहीत. लोक घाबरतात नेमके याला, आणि रस्ता सापडावा म्हणून शेवटच्या क्षणी लेन बदलून सीरियस ओढवून घेतात.

कोटा नाही. एक्झामिनरचे निकाल त्याच्या केंद्राच्या सरासरीपासून फार वेगळे दिसले तर वरिष्ठ लक्ष घालतात, हे खरं. पण वेगळे म्हणजे दोन्ही बाजूंनी, फार जास्त पास करणाऱ्यालाही विचारणा होते. टेस्ट नियमाप्रमाणे घेतली गेली नाही असं वाटत असेल, तर कोर्टात दाद मागता येते. पण कोर्ट नापासाचं पास करत नाही; अपील मान्य झालं तर फार तर फी परत किंवा नव्याने टेस्ट मिळते.

तुमच्या मित्राला निकालाचा ईमेल आला असेल. त्यात तो सीरियस कोणत्या शीर्षकाखाली आहे ते आधी पाहा. जंक्शनवरची नजर, दिशा बदलताना आरसा, निघताना मागे पाहणं, यांपैकी काही असेल तर तो सर्वाधिक आढळणाऱ्या कारणांपैकीच एक आहे. पुढच्या टेस्टपर्यंत किमान दहा कामाचे दिवस जावे लागतात. त्या काळात इन्स्ट्रक्टरबरोबर ती एकच गोष्ट, वाहतूक असलेल्या रस्त्यावर, घोटून घ्यायला सांगा. दोन मायनरकडे पाहायचीही गरज नाही.