‘पाचशेच तर जातात’ म्हणणाऱ्यांसाठी

“हप्त्याच्या तारखेला खात्यात पैसे नसतील तर टेन्शन घेऊ नका. चेक बाउन्स होऊ द्या. फायनान्सवाले फक्त ५०० रुपये लावतात, हातउसने घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. लोन संपताना सगळे चार्ज माफ होतात. पुढच्या तारखेचे चेक नुसते सिक्युरिटीला असतात, त्यावर केस होत नाही. शेअर करा.”

हा मेसेज अंबाजोगाईच्या माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी मनावर घेतला. परवा ताईने त्याच्या गाडीच्या कर्जाचा खातेउतारा माझ्यासमोर ठेवला. मी भाच्याला विचारलं, तर म्हणाला, “मामा, पाचशेच तर जातेत.” तेव्हापासून मी अस्वस्थ आहे.

आधी ते पाचशे बघू. चेक परत आला की दोन ठिकाणी पैसे कापले जातात. फायनान्स कंपनी ५०० लावते, आणि ज्या बँकेचा चेक आहे ती बँकही लावते. भाच्याच्या बँकेने दर वेळी ३०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५४ कापले. एका परतीचे ८५४ झाले. कंपनीने तोच चेक त्याच महिन्यात पुन्हा टाकला आणि तोही परत आला, तर आणखी ८५४.

आता ‘स्वस्त’ म्हणण्याबद्दल, कारण या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य तेच आहे. भाच्याने १ लाख घेतले, १८ टक्क्यांनी, २४ महिन्यांसाठी. हप्ता ४,९९२ रुपये. चेकची तारीख ५, आणि दुकानातला पगार होतो १० ते १५ च्या दरम्यान. म्हणजे त्याला हवी होती फार तर दहा दिवसांची सवड. त्या दहा दिवसांचं १८ टक्क्यांनी व्याज होतं साधारण २५ रुपये. शेकडा पाचाने गावात उसने घेतले असते तरी ८३ रुपये गेले असते. सावकाराकडे जा असं मी म्हणत नाही, पण त्याच दहा दिवसांसाठी या पोराने ८५४ मोजले. हप्त्याच्या १७ टक्के!

आणि हे एकदाच होऊन थांबत नाही. खात्यात शिल्लकच नसली की बँक आपले ३५४ मागे बाकी ठेवते आणि पैसे येताच आधी ते कापून घेते. भाचा पुढच्या हप्त्यासाठी मोजून ५,००० भरायचा, त्यातून ३५४ कापले गेले की उरायचे ४,६४६. चेक ४,९९२ चा. साडेतीनशे रुपये कमी पडले म्हणून तोही परत. त्याला वाटायचं, पैसे भरले तरी बाउन्स कसा? पासबुकात चेक रिटर्न चार्जची नोंद पैसे जमा झालेल्या दिवशीच दिसली की समजावं, हेच झालंय.

वीस महिन्यांत असे दहा चेक परत आले. ८,५४० रुपये. पूर्ण कर्जाचं व्याज आहे सुमारे १९,८००. उरलेले चारही चेक वटले आणि हा खर्च २४ महिन्यांवर सारखा पसरला, तरी त्याचं कर्ज १८ टक्क्यांचं राहत नाही, २५ च्या आसपास जातं. उशिराचा दंड मी यात धरलेलाच नाही.

हा आकडा कर्ज घेताना कुणी दाखवत नाही. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना केएफएस, म्हणजे मुख्य अटींचा तक्ता, द्यावा लागतो. त्यात एकूण वार्षिक खर्चाचा दर असतो, पण हप्ता चुकला तरच लागणारे आकार त्या दरात धरत नाहीत; ते वेगळ्या रकान्यात असतात. तो रकाना वाचा. त्या तक्त्यात नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही, हेही त्याच परिपत्रकात आहे.

माफीचं म्हणाल तर थोडं खरं आहे. कर्ज बंद करताना भांडलं तर कंपनी कधी कधी आपल्या आकारातून काही सोडते. पण तुमच्या बँकेने कापलेले गेले ते गेले. आणि बाकी भरेपर्यंत एनओसी अडकते, आरसीवरचा बोजा उतरत नाही.

केस होत नाही हे साफ खोटं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की कर्जाच्या हप्त्यापोटी दिलेला पुढच्या तारखेचा चेक, करारात सिक्युरिटी म्हटलेला असला तरी, त्या तारखेला हप्ता देणं लागत असेल तर चेक न वटण्याच्या गुन्ह्याच्या कलम १३८ मध्ये येतो. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर तक्रार दाखल होऊ शकते.

काल भाच्याला घेऊन फायनान्सच्या ऑफिसात गेलो. उरलेले चार चेक परत मागितले आणि १८ तारखेचे नवे देतो असा अर्ज दिला. पोच घेतली. बँकेत मागची बाकी किती आहे ते विचारून तेवढी भरली आणि वर हजार रुपये शिल्लक ठेवली. यापुढे हप्ता रोख किंवा यूपीआयने आधीच भरला, तर ‘या महिन्याचा चेक टाकू नका’ हे लेखी कळवून पोच घ्यायची, असं त्याला बजावलंय. मागे एकदा त्याने हप्ता आधीच भरला होता, तरी चेक बँकेत गेला आणि ८५४ कापले गेले. त्या एका परतीचे पैसे आम्ही अर्जातच परत मागितले आहेत.