६३१ म्हणजे डुकराची चरबी नव्हे

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबण लागणार आहे. कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. मक्याच्या टोमॅटो-मसाला स्नॅकचं पाकीट, पाठीमागची बाजू, शेवटच्या ओळीतल्या ६३१ भोवती लाल गोल आणि खाली 'ही डुकराची चरबी आहे, मुलांना वाचवा, सगळ्यांना पाठवा'. असले फॉरवर्ड मी एरवी उघडतही नाही. पण आमच्या मजल्यावरच्या आजी माळकरी आहेत आणि काल संध्याकाळी नातवाच्या त्याच पाकिटातलं थोडंसं त्यांनी तोंडात टाकलं होतं. आज त्या जेवल्याच नाहीत. सून दारात येऊन विचारते, "ताई, तुम्ही मसाल्याच्या कंपनीत होतात ना? खरंच असतं का हो तसं?" सत्तरी ओलांडलेली बाई घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये उपाशी बसलीये, कारण कुणाला तरी अंगठा चालवायची हौस!

तर हो, होते मी. तुर्भ्याच्या एमआयडीसीत, अशा स्नॅकवर भुरभुरायचा मसाला बनवणाऱ्या युनिटमध्ये, क्यूसीला. ६३१ म्हणजे चव खुलवणारा पदार्थ, तो मी हाताळलाय, चाखलाय. पांढरी बारीक पूड, वास जवळजवळ नाहीच. बहुतेक वेळा ६२७ बरोबर मिसळूनच पोती यायची आणि सगळे त्याला 'आय प्लस जी' म्हणायचे. आय म्हणजे इनोसिनेट, ६३१. जी म्हणजे ग्वानिलेट, ६२७. दोन्हींच्या मिश्रणाला स्वतःचा नंबर आहे, ६३५.

हे नंबर कोडेक्स या खाद्यपदार्थांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या यादीतले. जगभरात एका पदार्थाला एकच ओळख असावी म्हणून ठरवलेले. युरोपात पुढे ई लावतात, आपल्याकडे आयएनएस. कंपनीने आधी तो पदार्थ कशासाठी घातलाय ते लिहायचं आणि मग नाव किंवा नंबर. म्हणून एका पाकिटावर 'सायट्रिक अ‍ॅसिड' दिसतं आणि दुसऱ्यावर ३३०. वस्तू तीच, लिंबातला आंबटपणा. नंबर दिसला की विष, ही समजूत कुठून आली देव जाणे.

आता ६३१. इनोसिनेट मांसात आणि माशांत निसर्गतःच असतं. जपानमध्ये १९१३ साली कोदामा नावाच्या संशोधकाने सुकवलेल्या बोनिटो माशात चवीचं कारण शोधताना हेच पकडलं. म्हणजे मूळ मांसाहारी, हे मान्य. पण ते स्नायूत असतं, चरबीत शोधून हाताला काय लागणार? आणि आज कारखान्यात बहुतेक ठिकाणी ते साखर किंवा स्टार्च जिवाणूंकडून आंबवून बनवतात, नाहीतर यीस्टपासून. चरबीचाच संशय घ्यायचा असेल तर तो ४७१ वर घ्या ना. बिस्किटात, आइस्क्रीममध्ये असतो. तो वनस्पती तेलापासूनही बनतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. त्याला कुणी लाल गोल करत नाही!

मग कळायचं कसं? नंबरवरून नाही कळत. पदार्थ कुठला ते नंबर सांगतो, तो कशापासून काढला ते सांगत नाही. ते सांगतं पाकिटावरचं चौकोनातलं चिन्ह. आत हिरवा ठिपका असेल तर शाकाहारी, तपकिरी त्रिकोण असेल तर मांसाहारी. आणि हे मसाल्यातल्या चिमूटभर पदार्थालाही लागू आहे. आमच्याकडे आय प्लस जी च्या मालाबरोबर शाकाहारी असल्याचा कागद आला नाही तर पोती गेटजवळच थांबायची. आता कागद खोटा निघूच शकत नाही असं मी म्हणणार नाही. पण मग दुधाच्या पिशवीवरही विश्वास ठेवू नका.

हे आजींच्या सुनेला सांगितलं, आम्ही दोघींनी डब्यातून पाकीट शोधून काढलं, पुढच्या बाजूला हिरवा ठिपका होता. फोटो काढणाऱ्या महाभागाने नेमकी तीच बाजू वगळली होती.

खरं सांगायचं तर मला राग दुसऱ्याच गोष्टीचा आलाय. त्याच पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'नो अ‍ॅडेड एमएसजी' लिहिलंय आणि ते कुणालाच खुपलं नाही.

आमच्या ब्लेंडिंगला एक काका होते. मी नवीन असताना त्यांनी मला कोमट मिठाच्या पाण्यात चिमूटभर आय प्लस जी घालून दिलं. काहीच विशेष लागलं नाही. मग टोमॅटो पावडर आणि मीठ घातलेलं पाणी. बरं होतं, सारासारखं. मग त्याच पाण्यात तीच चिमूट. जिभेच्या कडांना पाणी सुटलं, चव घशापर्यंत गेली आणि तिथेच रेंगाळली. काका म्हणाले, "एका टाळानं भजन होतं का? ह्याला जोडीदार लागतो."

तो जोडीदार म्हणजे ग्लुटामेट. ६२१, म्हणजे एमएसजी, म्हणजे आपलं अजिनोमोटो, हे ग्लुटामेटचंच एक रूप. टोमॅटोत ते आपोआप असतं, म्हणून त्या तिसऱ्या कपात जादू झाली. ६२७ आणि ६३१ ग्लुटामेटशिवाय जवळजवळ मुके असतात आणि आय प्लस जी स्वस्त नाही, त्यामुळे कुणी ते उगाच घालत नाही. पाकिटावर हे दोन दिसले की ग्लुटामेट आसपास आहेच, असं समजून शोधायला लागायचं.

आजच्या फोटोत शोधलं. ६२१ नाही. पण मसाल्याच्या कंसात टोमॅटो पावडर, मग 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन', मग 'यीस्ट एक्स्ट्रॅक्ट'. टोमॅटोत ग्लुटामेट निसर्गतः आहे. प्रोटीन तोडलं की त्यातून ग्लुटामेट सुटतं, यीस्टच्या अर्कातही ते भरपूर. हे सगळे घटक पदार्थ, अ‍ॅडिटिव्ह नव्हेत, म्हणून त्यांना नंबरच नाही! लाल गोल करणाऱ्याला ते दिसणार कसे? काकांचा तिसरा कप पाकिटात भरलाय आणि वर 'नो अ‍ॅडेड एमएसजी'. वेगळं एमएसजी टाकलेलं नाही, एवढंच त्याचं खरेपण.

ग्लुटामेट वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. आपण टोमॅटोचं सार पितोच की. काहींना एमएसजी जास्त झालं की डोकं जड होतं म्हणतात, असेल. गाउटवाल्यांनी ६२७-६३१ जपून खावं, कारण त्यांचं शरीरात युरिक अ‍ॅसिड होतं, तेही मान्य. पण हिशेब बघा. तीस ग्रॅमच्या पाकिटात मसाला साधारण दोन ग्रॅम आणि त्यात आय प्लस जी काही मिलिग्रॅम. मीठ मात्र अर्ध्या ग्रॅमच्या पुढे सहज जातं, आणि ते साध्या भाषेत 'मीठ' म्हणून छापलेलं असतं. ते कुणी वाचत नाही.

आजींनी दुपारी चहा घेतला, भाकरी संध्याकाळी खाईन म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं नाही, त्यांच्या मनाचा प्रश्न आहे.

ग्रुपवर मी उत्तर टाकलंय. अजून कुणाला पाकिटाचं विचारायचं असेल तर जरूर विचारा, वेळ काढून सांगेन. फक्त फोटो पूर्ण पाठवा. घटकांची यादी पहिल्या शब्दापासून, आणि समोरची बाजूही, चौकोन दिसेल अशी. कापलेले, गोल काढलेले फोटो पाठवलेत तर मी ब्लॉक करेन, नात्यातले असलात तरी.