निर्दोष सुटका आणि नुकसानभरपाईचा दावा : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : «तुमचा लेख वाचून चीड आली. कोर्टाने निर्दोष सोडले म्हणजे तक्रार खोटी होती हे ठरलेच ना? मग दिवाणी कोर्टात पुन्हा पहिल्यापासून सगळे सिद्ध करा, हे कुठले शहाणपण? माझ्या मेव्हण्यावर सोसायटीच्या अध्यक्षाने अपहाराची तक्रार केली. पाच वर्षे तारखा झाल्या आणि गेल्या सप्टेंबरात तो सुटला. आता अध्यक्ष म्हणतो, मी फक्त पोलिसांना कळवले, खटला तर सरकारने चालवला. तुमच्यासारखे वकील अशांचीच सोय बघतात. निकालाची नक्कल आता मार्चमध्ये हातात आली आहे, म्हणून विचारतो.»

उत्तर :

आपला राग समजण्याजोगा आहे, आणि आपण तपशील दिलात हे बरे झाले, कारण या विषयावर मोघम बोलून काहीच हाती लागत नाही. आपल्या मेव्हण्यांचे कागद मी पाहिलेले नाहीत. म्हणून कोणता कागद असला तर दावा उभा राहील आणि कोणता नसला तर पडेल, एवढेच येथे सांगतो.

फौजदारी न्यायालयापुढे प्रश्न एकच असतो : आरोपीने गुन्हा केला हे सरकार पक्षाने संशयापलीकडे सिद्ध केले की नाही. साक्षीदार फितूर झाला, पंच ओळखेनासा झाला, हिशोबाची मूळ वही न्यायालयात आलीच नाही, अशा कोणत्याही कारणाने उत्तर ‘नाही’ असे येऊ शकते, आणि तसे आले की आरोपी सुटतो. द्वेषबुद्धीने खटला भरल्याबद्दलच्या नुकसानभरपाईच्या दाव्यात प्रश्न निराळा असतो. तेथे न्यायालय आपल्या मेव्हण्यांकडे फारसे पाहत नाही, ते अध्यक्षांकडे पाहते. तक्रारीवर सही केली त्या दिवशी अध्यक्षांना काय माहीत होते, आणि तेवढ्या माहितीवर एखाद्या सावध, समंजस माणसाने अशी तक्रार केली असती का? फौजदारी न्यायाधीशाने हा प्रश्न स्वतःला विचारलेलाच नसतो, त्यामुळे त्याच्या निकालात त्याचे उत्तर सापडत नाही. म्हणूनच दिवाणी न्यायालय तो निकाल ‘वादी सुटला’ एवढ्या गोष्टीचा पुरावा म्हणून घेते. त्यातले साक्षीपुराव्याचे विश्लेषण त्याला बंधनकारक नसते, आणि ‘सदर तक्रार खोटी दिसते’ असे वाक्य निकालात असले तरी ते आयते कामी येत नाही. सारा पुरावा नव्याने द्यावा लागतो तो यामुळे.

या बाबतीत इंग्लंडमधला १८८३ सालचा ॲब्राथ नावाच्या डॉक्टरांचा खटला आजही आपल्या न्यायालयांत सांगितला जातो. रेल्वे अपघातातल्या एका प्रवाशाने कंपनीकडून भरपाई घेतली होती. पुढे कंपनीला माहिती मिळाली की, त्याच्या दुखापती बनावट होत्या आणि त्यात डॉक्टरांचा हात होता. कंपनीने चौकशी केली, कायद्याचा सल्ला घेतला आणि डॉक्टरांवर कटाचा खटला भरला. डॉक्टर निर्दोष सुटले. त्यांनी कंपनीवर दावा लावला आणि तो ते हरले, कारण कंपनीने आपल्या परीने वाजवी काळजी घेऊन चौकशी केली होती आणि मिळालेल्या माहितीवर तिचा प्रामाणिक विश्वास होता. वाजवी कारण नव्हते हे सिद्ध करण्याचा भार वादीवर असतो, हे तत्त्व त्या खटल्याने पक्के केले. आपल्याला हे अन्यायाचे वाटेल. पण हा भार तक्रारदारावर टाकला तर सुटलेल्या प्रत्येक आरोपीपुढे मूळ तक्रारदाराला आरोपी होऊन उभे राहावे लागेल, आणि मग सोसायटीत खरोखर अपहार झाला तरी तक्रार करायला कोणी धजावणार नाही.

आता आपल्या प्रकरणाकडे येतो. समजा, आरोप असा आहे की खजिनदाराने समितीला न विचारता दुरुस्ती निधीतून कंत्राटदाराला दोन लाख रुपये दिले. अध्यक्षांनी लेखापरीक्षकाच्या अहवालातील ‘या रकमेला मंजुरी आढळत नाही’ हा शेरा वाचला, खजिनदाराला लेखी खुलासा मागितला, तो आला नाही, आणि मग ते पोलीस ठाण्यात गेले. पुढे खटल्यात मंजुरीचा ठराव सापडला आणि खजिनदार सुटले. अशा स्थितीत दावा बहुधा टिकणार नाही. अध्यक्षांची समजूत चुकीची होती, पण ती बाळगायला त्यांच्यापाशी आधार होता.

दुसरी शक्यता पाहा. ज्या सभेत ती रक्कम मंजूर झाली, त्या सभेचे अध्यक्षस्थान याच गृहस्थांनी भूषविले होते, इतिवृत्ताच्या वहीत त्या ठरावाखाली त्यांची सही आहे आणि धनादेशावरची दुसरी सहीही त्यांचीच आहे. येथे चित्र पालटते. जी गोष्ट तक्रारदाराच्या स्वतःच्या माहितीतली आहे, तिच्याविषयी त्याने आरोप केला आणि आरोप टिकला नाही, तर गैरसमजाला जागा उरत नाही. एक तर तो खरे बोलत होता, नाही तर जाणूनबुजून खोटे. अशा प्रकरणात वाजवी कारण नव्हते असे अनुमान न्यायालये काढतात आणि भार बराच हलका होतो. तेव्हा निकालातली वाक्ये अधोरेखित करण्याआधी ती इतिवृत्ताची वही कोणाच्या कपाटात आहे ते शोधा. ती अध्यक्षांच्या ताब्यात असेल तर ती हजर करण्याचा अर्ज दाव्यात लवकर द्यावा लागेल. अशा वह्या ऐन वेळी गहाळ होतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

वैमनस्याविषयीही थोडे लिहितो, कारण पक्षकार सर्वांत जास्त बोलतात ते त्याविषयीच. पुनर्विकासावरून भांडण होते, सभेत शिवीगाळ झाली होती, ‘तुला आत टाकतो’ असे अध्यक्ष चारचौघांत म्हणाले होते. हे सारे द्वेषाचा पुरावा म्हणून उपयोगी आहे, पण त्यावर एकट्यावर दावा उभा राहत नाही. वाजवी कारण असेल तर तक्रारदार मनातून हाडवैरी असला तरी जबाबदार ठरत नाही. उलट, वाजवी कारण मुळीच नव्हते हे दाखवता आले तर त्यावरून द्वेषाचे अनुमान निघू शकते. दाव्यातील कथन पानेच्या पाने भांडणावर आणि दोन ओळी इतिवृत्तावर असे लिहिलेले मी पाहिले आहे. ते उलटे हवे.

‘मी फक्त कळवले’ या अध्यक्षांच्या बचावात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही, पण तो अभेद्यही नाही. ब्रिटिश अमदानीत भारतातली शेवटची अपिले ऐकणाऱ्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९०८ साली गया प्रसाद विरुद्ध भगतसिंग या प्रकरणात सांगितले की, भारतात पोलिसी खटला नावाने सरकारचा असला, तरी खरा अभियोक्ता, म्हणजे खटला चालवणारा, कोण हे तक्रारदाराच्या तक्रारीआधीच्या आणि नंतरच्या वागण्यावरून ठरवायचे. प्रामाणिकपणे माहिती देऊन जो बाजूला झाला, त्याच्यावर पुढची जबाबदारी येत नाही. पण आरोप खोटा आहे हे ठाऊक असून ज्याने पोलिसांची दिशाभूल केली, खोटे साक्षीदार उभे केले, तो सरकारच्या नावाआड लपू शकत नाही. म्हणून अध्यक्षांनी तपासात आणखी काय केले ते पाहा : पुरवणी जबाब किती दिले, सोसायटीच्या रखवालदाराला साक्षीला कोणी आणले, निवडक पाने पोलिसांना कोणी पुरवली, जामिनाला विरोध करायला खासगी वकील कोणी लावला. हे सारे दोषारोपपत्राच्या नकलेत आणि रोजनाम्यात सापडते. अध्यक्षांची न्यायालयात उलटतपासणी झाली असेल, तर त्या साक्षीची नक्कल अवश्य काढा. दिवाणी दाव्यात ते वेगळे काही सांगू लागले की तीच त्यांच्यासमोर धरता येते.

आपले प्रकरण न्यायालयात चालून निकाली निघाले, हे एका अर्थी आपल्या पथ्यावर पडले. महाराष्ट्रात पुष्कळ खोट्या तक्रारी न्यायालयात उभ्याच राहत नाहीत. पोलीस ‘ब समरी’ पाठवतात, म्हणजे तक्रार द्वेषबुद्धीने केलेली व खोटी असल्याचा अहवाल देतात, आणि दंडाधिकारी तो मंजूर करतात. लोकांना वाटते की, ब समरी म्हणजे दाव्याचा हुकमी पत्ता. परंतु मुंबई उच्च न्यायालयाच्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या एका निकालात, दुकानातील चोरीच्या संशयावरून नोकराला अटक झाली होती, वेळोवेळी कोठडी घेतली गेली होती आणि पुराव्याअभावी त्याला पुढे सोडून देण्यात आले होते. तरीही पोलिसांचा तपास म्हणजे अभियोग, म्हणजे न्यायालयात खटला चालवणे, नव्हे, असे ठरले आणि नोकराचा दावा फेटाळला गेला. त्याआधी १९४७ साली प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याच्या प्रकरणात दंडाधिकाऱ्याने आरोपीला नोटीस देऊन उघड न्यायालयात केलेली चौकशी अभियोग ठरायला पुरेशी मानली होती. या दोहोंच्या मध्ये कुठे रेघ मारायची यावर वकील आजही भांडतात. आपल्याला त्या भांडणात पडावे लागणार नाही.

कदाचित कोणी आपल्याला सांगेल की, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २५० खाली दंडाधिकाऱ्याकडूनच भरपाई मिळते. मिळते, पण तक्रारदाराला कारणे दाखवायला सांगणारा आदेश दंडाधिकाऱ्याने आरोपीला सोडणाऱ्या त्याच आदेशात द्यायचा असतो, आणि रक्कम त्याच्या दंड करण्याच्या अधिकारापुरतीच असते. जुन्या संहितेखाली प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्याला ती मर्यादा दहा हजार रुपयांची होती. सप्टेंबरच्या निकालात तसा आदेश नसेल तर तो रस्ता संपला. असेल, तर मिळालेली रक्कम दिवाणी भरपाई ठरवताना विचारात घेतली जाईल.

रकमेबाबत एकच सूचना. अब्रू, शरीर आणि मालमत्ता या तीन प्रकारच्या हानीची भरपाई मागता येते. त्यांपैकी मालमत्तेची हानी कागदाने दाखवावी लागते आणि तेथेच बहुतेक दावे लंगडे पडतात, कारण वकिलाची फी रोख दिलेली असते आणि पावती घेतलेली नसते. बँकेचे उतारे, निलंबनाचा आदेश, तारखांसाठी घेतलेल्या बिनपगारी रजांची नोंद, जे असेल ते जमवा. कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर लागते, म्हणून रागाच्या भरात पन्नास लाखांचा आकडा लिहू नका.

आता आपल्या प्रतिक्रियेतील शेवटचे वाक्य. मला सर्वांत जास्त काळजी त्याची वाटली. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ७४ प्रमाणे या दाव्याची मुदत एक वर्षाची आहे, आणि ती निर्दोष सुटल्याच्या दिवसापासून धावते. नक्कल हातात पडली त्या दिवसाशी तिचा संबंध नाही. अपिलाच्या मुदतीत नकलेसाठी गेलेला काळ वजा होतो, तशी सवलत दाव्याला नाही. कलम ५ खाली विलंब माफ करून घेण्याची सोयही अपिलांना आणि अर्जांना आहे, दाव्यांना नाही. सरकारने सुटकेविरुद्ध अपील केले असेल तर मुदत पुढे जाते, असे कोणी सांगितले तरी त्यावर विसंबू नका, पहिल्या निकालाचीच तारीख धरा. म्हणजे मार्चपर्यंत निम्मे वर्ष गेलेच आहे. इतिवृत्त, रोजनामा आणि साक्षीच्या नकला यांचे अर्ज याच आठवड्यात द्या, आणि एखादी नक्कल वेळेत नाही मिळाली तरी सप्टेंबरातली ती तारीख उलटण्याआधी दावा दाखल करा. राहिलेले कागद न्यायालयाच्या परवानगीने मागाहून दाखल करता येतात.