‘जास्तीच्या बिलाकडे दुर्लक्ष करा’ म्हणजे नेमकं कोणत्या?

रविवारी सकाळी दांडिया बाजारातल्या आमच्या कट्ट्यावर सुहासने मोबाइल पुढे केला. तो बडोद्यातल्याच एका इंटरनेट कंपनीत बिलिंग बघतो. गेल्या महिन्यात त्यांच्या बऱ्याच ग्राहकांना एकाच महिन्याची दोन-दोन बिलं गेली होती आणि माफीची नोटीस लिहायचं काम त्याच्याकडे आलं होतं. गुजरातीत जायची ती नोटीस त्याने आम्हाला मराठीत वाचून दाखवली: “तांत्रिक कारणामुळे काही ग्राहकांना दोन बिले पाठवली गेली. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. चूक सुधारण्यात आली आहे. कृपया जास्तीच्या बिलाकडे दुर्लक्ष करावे.”

“छान आहे की. लांबण लावलीस तर कोणी वाचत नाही,” मिलिंद म्हणाला. मिलिंद कर सल्लागार.

विजूकाका याच कंपनीचे ग्राहक. दोन्ही बिलं त्यांनी सोबतच आणली होती. ती त्यांनी कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवली. “सुहास, यातलं जास्तीचं कोणतं ते सांग.”

नाव तेच, पत्ता तोच, महिना तोच. रक्कमही तीच: 800 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 144, एकूण 944. बिलाचे नंबर तेवढे वेगळे. आणि नीट पाहिलं तर ग्राहक क्रमांकही वेगळा. एकावर 00041726, दुसऱ्यावर 41726.

“शून्यवालं खरं,” सुहास म्हणाला.

“आणि मी पैसे भरले दुसऱ्यावर. ते आधी आलं म्हणून. आता तुमच्याकडून मेसेज येतोय की 944 थकलेत, शंभर रुपये दंड, आणि शनिवारपर्यंत न भरल्यास कनेक्शन बंद. दुर्लक्ष करा म्हणालास तर मी या शून्यवाल्या बिलाकडेच करणार ना? माझ्या हिशोबाने तर हेच जास्तीचं.”

मला वाटतं, अख्खा वाद इथेच होता. ज्याने एकही बिल भरलं नाही त्याला नोटीस वाचून फार तर गोंधळायला होईल. पण ज्याने भलत्या बिलावर पैसे भरले, त्याचं कनेक्शन त्या नोटिशीचं पालन केल्यामुळेच तुटेल.

मिलिंदने विचारलं, “पण दोन क्रमांक झालेच कसे?”

सुहासने सांगितलं ते असं. कंपनीने बिलिंगचं सॉफ्टवेअर बदललं. ग्राहकांची यादी दोन टप्प्यांत नव्या सिस्टिममध्ये चढवली. पहिल्या टप्प्यात नाव-पत्ते नीट गेले. दुसऱ्यात प्लॅनची माहिती जायची होती. ती फाइल कोणीतरी मध्येच एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली. एक्सेल 00041726 ला साधी संख्या समजतो आणि पुढची शून्यं टाकून देतो. नव्या सिस्टिमने 41726 शोधला, सापडला नाही, म्हणून नवा ग्राहक उघडला. एका घराची दोन खाती झाली आणि महिनाअखेर दोन्हींची बिलं निघाली. ज्यांचा क्रमांक शून्याने सुरू होत नाही, त्यांना काहीच झालं नाही.

“मग हे लिही ना नोटिशीत!” काका म्हणाले. “तांत्रिक कारण म्हटलं की मला काय कळणार? क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर तपासा म्हटलंस, तर मी चष्मा लावून तपासू शकतो.”

मिलिंदला ते पटलं नाही. आपल्या कारभारातली ढिलाई गावभर कशाला सांगायची, लोकांना फक्त काय करायचं ते सांगावं, असं त्याचं म्हणणं. मी काकांच्या बाजूचा. कारण कळलं की आपण त्यात येतो की नाही हे माणसाला फोन न करता ठरवता येतं.

मी सुहासला विचारलं, “सिस्टिमने अडवलं कसं नाही?”

“दोनदा आलेलं बिल अडवायची तपासणी होती, पण ती बिलाच्या नंबरावर. प्रत्येक बिलाला नवा नंबर पडतोच. जीएसटीच्या नियमाने एका आर्थिक वर्षात तो पुन्हा येताच कामा नये. त्यामुळे दोन्ही बिलं सहज पास झाली.”

म्हणजे पहारा बसवला होता तो मुळात कधीच चुकणार नाही अशा दारावर. आता त्यांनी तपासणी बदलली आहे: एका कनेक्शनचं एका महिन्याचं एकच बिल निघेल. ग्राहक क्रमांकाचा रकानाही मजकूर म्हणून पक्का केला, आठ आकडे नसले तर फाइलच आत जात नाही.

एकाच कनेक्शनची अशी दोन-दोन झालेली जोडखाती शोधताना मात्र ते घसरणार होते. सारखं नाव आणि सारखा पत्ता दिसला की खाती एक करायची, असं आधी ठरलं होतं. आमच्या भागात हे चालणार नाही. एकाच वाड्यात खाली दुकान, वर घर, दोन्ही कनेक्शनं वडिलांच्या नावावर, अशी घरं मला माहीत आहेत. त्यांची दोन बिलं अगदी खरी असतात. शेवटी त्यांनी घरात बसवलेल्या इंटरनेटच्या डब्याचा सिरियल नंबर धरला. दोन खात्यांवर एकच डबा असेल तर ते जोडखातं. डबे दोन असतील तर हात लावायचा नाही.

“आणि चुकीचं बिल तुम्ही काय केलंत? पुसून टाकलंत?” आता मिलिंद सावरून बसला होता. हा त्याचा प्रांत.

“रद्द दाखवलं.”

“घरगुती ग्राहकाला तेवढं चालेल. रावपुऱ्यातला माझा झेरॉक्सवाला अशील घे. त्याच्या जीएसटी नंबरावर तुमची दोन्ही बिलं पोर्टलवर चढली, त्याच्या 2B मध्ये, म्हणजे त्याला आपल्या करातून वजा करता येणाऱ्या क्रेडिटच्या यादीत, 144 दोनदा दिसतायत. सेवा एकदाच मिळाली, तर क्रेडिटही एकदाच घ्यायचं. तुमचं रिटर्न भरून झालंय, आता बिल पुसून भागत नाही, जीएसटी कायद्याच्या कलम 34 खाली ती रक्कम वजा करणारी क्रेडिट नोट काढावी लागते, आणि तिच्यावर मूळ चुकीच्या बिलाचा नंबर हवा. नंबर नसेल तर पुढच्या महिन्यात वजा झालेले 144 कशाचे ते माझ्या माणसाला कळणार नाही. मुळात न घेतलेलं क्रेडिट तो परत करून बसेल.”

नोटीस लांबवू नको म्हणणाराच आता तिच्यात ओळी वाढवत होता. सुहासने तिथेच बसून ती नव्याने लिहिली:

“ज्यांचा ग्राहक क्रमांक शून्याने सुरू होतो अशा काही ग्राहकांची, यादी बदलताना शून्ये गळाल्यामुळे, दोन खाती झाली आणि एकाच महिन्याची दोन बिले गेली. आठ आकडी क्रमांकाचे बिल खरे आहे. शून्याशिवायचे बिल रद्द केले आहे. त्या बिलावर भरलेले पैसे खऱ्या खात्यात जमा केले आहेत. या कारणाने लागलेला दंड काढला आहे आणि कनेक्शन बंद होणार नाही. दोन्ही बिले भरली असल्यास जास्तीची रक्कम परत मिळेल. जीएसटी क्रमांक असलेल्यांना रद्द बिलाचा नंबर घातलेली क्रेडिट नोट मिळेल. आपल्या खात्यात जमा दिसत नसेल तर दोन्ही बिले घेऊन कार्यालयात यावे. झालेल्या त्रासाबद्दल आम्ही क्षमा मागतो.”

काकांनी ती दोनदा वाचली. “‘जमा केले आहेत’ लिहिलंस. केलेत का?”

सुहास म्हणाला, काम चालू आहे, दोन दिवस लागतील.

“मग नोटीस दोन दिवसांनी लाव. तोवर ते कनेक्शन तोडायचे मेसेज तेवढे थांबव.”

मेसेज आजच थांबवतो असं सुहासने कबूल केलं. अडलं ते ऑटोपेवर. ज्यांच्या खात्यातून दोनदा पैसे आपोआप गेले, त्यांची रक्कम बँकेत परत करायची की पुढच्या बिलात वळती करायची? कंपनीला वळती करणं सोयीचं. मिलिंदही म्हणाला, महिन्याभराचा तर प्रश्न आहे. काका ऐकेनात: पैसे माझ्या परवानगीशिवाय गेले, तर ते ठेवायचे की नाही हे मला विचारा. मलाही तेच योग्य वाटतं. सुहास सोमवारी साहेबांना विचारणार आहे.