साडेसात कुठून आले?

परवा डिपार्टमेंटच्या सेमिनारला भर सभेत माझं उत्तर म्हणजे कॉपी आहे असं ठरलं. उत्तर बरोबर होतं हं, नवव्या दशांशापर्यंत.

विषय ब्रॉयडनची पद्धत, 1965 सालची, वाकडीतिकडी समीकरणं एकत्र सोडवायची. न्यूटनच्या पद्धतीला दर फेरीला नवा जेकोबियन, म्हणजे सगळ्या डेरिव्हेटिव्हची मॅट्रिक्स, लागतो, आणि डेरिव्हेटिव्ह हाताशी नसतील तर n अज्ञातांसाठी n जादा फंक्शन कॉल. माझ्या खऱ्या प्रॉब्लेममध्ये एक कॉल म्हणजे खाली जाऊन चहा पिऊन यायचं काम. ब्रॉयडन म्हणतो जेकोबियन एकदाच काढ, पुढे नुसती डागडुजी कर:

```
B = B + (df - B*s)*s' / (s'*s)
```

B म्हणजे जेकोबियनचा चालू अंदाज, s म्हणजे आत्ता टाकलेलं पाऊल, df म्हणजे त्या पावलात फंक्शन किती बदललं ते. पाऊल पडलं त्या दिशेपुरती मॅट्रिक्स सुधारायची, बाकीच्या दिशांना हात लावायचा नाही. दर फेरीला एकच कॉल, संपलं.

उदाहरण मुद्दाम बाळबोध घेतलं होतं: x + y = 3 आणि x² + y² = 9, सुरुवात (1, 5) पासून, उत्तर (0, 3). स्लाइडवर शेवटच्या B ची खालची ओळ होती 1.5 आणि 7.5. आणि पहिल्या रांगेत होते ते सर. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण सेमिनारला बटाटेवडे असतात हे त्यांना नोटीस लागायच्या आधी कळतं. हातात वडा, मांडीवर पेपर नॅपकिन.

"अरे बाळा, हे साडेसात कुठून आले?"

"सर, तो B चा..."

"उत्तरापाशी खरा जेकोबियन काय आहे?"

"खालची ओळ शून्य आणि सहा."

"आणि तुझा?"

"दीड आणि साडेसात."

"म्हणजे चुकलाय."

"हो, पण सर..."

"आणि उत्तर?"

"बरोबर आहे."

सरांनी सावकाश घास गिळला, मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "रीत चूक, उत्तर बरोबर. आमच्या वेळी ह्याला कॉपी म्हणायचे."

हॉल हसला. माझे गाइडही हसले, ज्यांनी हीच स्लाइड दोनदा पाहून ओके केली होती!

आता हे मला तिथे सुचलं नाही म्हणून इथे लिहितोय. पहिलं समीकरण सरळ रेषेचं आहे, ते पहिल्याच पावलात सुटतं, पाऊल पडतं (-0.625, 3.625) वर. त्यानंतर प्रत्येक पाऊल त्या रेषेवरूनच, x जितका वाढतो तितका y कमी. त्या दिशेला B ला जे लागतं ते म्हणजे दोन आकड्यांमधला फरक, आणि साडेसात वजा दीड बरोब्बर सहा! बेरीज मात्र पहिल्या डागडुजीनंतर 9 झाली ती 9च राहिली, असायला हवी होती 6. राहणारच ना, ज्या गल्लीत कोणी पाऊलच टाकत नाही तिथले खड्डे कोण बुजवणार? (आमच्या सोसायटीमागचा रस्ता बघा, तिथे तर पाऊल टाकूनही कोणी बुजवत नाही, पण तो वेगळा लेख आहे.) डेनिस आणि मोरे यांनी 1974 मध्ये हेच दाखवलं: सुपरलिनियर वेगासाठी, म्हणजे आजच्या आणि कालच्या चुकीचं गुणोत्तर शून्याकडे जावं यासाठी, B खऱ्या जेकोबियनला पोचायची गरज नाही, ज्या दिशेला तुम्ही चालताय त्या दिशेला त्याची चूक पावलाच्या मानाने शून्याकडे गेली की पुरे.

सरांचा दुसरा प्रश्न मात्र खरा होता, आणि राग त्याचाच जास्त आहे. "मग न्यूटनसारखं क्वाड्रॅटिक का नाही?" मी म्हणालो, अप्रॉक्सिमेट आहे म्हणून. हे काय उत्तर झालं? आकडे स्लाइडवरच होते. x मधली चूक न्यूटनची 0.092, मग 0.0027, मग 0.0000023, दर वेळी आधीच्या चुकीच्या वर्गाचा साधारण तिसरा हिस्सा. ब्रॉयडनची 0.076, 0.013, 0.0003, 0.0000013. न्यूटनच्या जेकोबियनची चूक आजच्या चुकीएवढी, म्हणून आज गुणिले आज. ब्रॉयडनकडे मागच्या पावलावर मोजलेला उतार, त्यामुळे आज गुणिले काल, आणि काल नेहमीच आजपेक्षा वाईट. इथे सगळी चाल एका रेषेवर आहे म्हणून ही सरळ सरळ सीकंट पद्धत होते, ऑर्डर 1.618. अज्ञात जास्त असले की एका फेरीत एकच दिशा सुधारते, बाकीच्या दिशांची माहिती परवाची, तेरवाची. लागोपाठच्या चुकांचं गुणोत्तर शून्याकडे जातं, पण वर्ग होण्याइतकं झपाट्याने नाही. आणि सुरुवातच लांबून केली तर ही शिळी माहिती अंगाशी येते, रेसिड्युअल, म्हणजे समीकरणात उरलेली तूट, चारपाच फेऱ्या एकाच जागी घुटमळतो, तेव्हा गपगुमान नवा जेकोबियन काढायचा. हे सगळं मला येत होतं हो! रात्री दोन वाजता तर तोंडपाठ होतं.

सेमिनार संपल्यावर माझ्या वाटणीचा वडा मिळाला नाही, सर घरच्यांसाठी दोन बांधून घेऊन गेले. काल गाइडची मेल आली, एका ओळीची: जेकोबियनमधली चूक दुरुस्त करून स्लाइड परत पाठव.